खस, मिट्टी, नागरमोथा आणि एक न येणारा वास

डोळ्यांना रुमाल बांधून पहिल्या दिवशी मी अत्तर लावलेल्या सहा कागदी पट्ट्यांपैकी दोन बरोबर सांगितल्या. गुलाब आणि केवडा. केवडा तर यायलाच हवा होता, आमच्याकडे खाडीच्या कडेला केवड्याची बनं आहेत आणि हरतालिकेला आई केवड्याचं पान आणतेच आणते. बाकी चारांचा वास ओळखीचा वाटत होता, अगदी रोजचा, पण नाव काय ते सांगता येईना. एखादा माणूस बाजारात समोर येतो, हसतो, आपणही हसतो आणि तो गेल्यावर डोकं खाजवत बसतो की हा कोण, तसं झालं.

मी रत्नागिरीचा, भाट्याच्या बाजूला राहतो. बारावीनंतर वर्षभर काही जमलं नाही म्हणून बाजारातल्या एका अत्तराच्या दुकानात लागलो. आई मिरकरवाड्याला मासळी विकते, त्या ओळखीतूनच दुकानाच्या मालकापर्यंत, चाचांपर्यंत पोचलो. दुकान छोटं, दोन माणसं आत उभी राहिली की तिसऱ्याने बाहेर थांबायचं. भिंतभर काचेचं कपाट, त्यात मोठ्या बाटल्या आणि काउंटरवर तीन, सहा आणि बारा एमएलच्या छोट्या कुप्या. बारा एमएलला चाचा अजून तोळाच म्हणतात.

पहिले दोन महिने मला वासाबद्दल कोणी काही विचारलं नाही. बाटल्या स्पिरिटने धुवायच्या आणि उलट्या ठेवून पूर्ण कोरड्या करायच्या, कारण आत पाण्याचा एक थेंब राहिला तरी तेल धुरकट होतं. कापसाचे फाये वळायचे. काचेची काडी एका अत्तरातून काढली की पुसल्याशिवाय दुसऱ्यात घालायची नाही, ही चूक मी एकदा केली आणि चाचांनी मोगऱ्याची छोटी बाटली माझ्यासमोर बाजूला काढून ठेवली, विकायला ठेवली नाही. ओरडले नाहीत पण मला ते जास्त लागलं.

दोन महिन्यांनी मला वाटायला लागलं होतं की मला आता वास कळतात. गिऱ्हाईक आलं की मी सांगायचो, हे खस, हे हिना, हे चमेली. चाचा ऐकत असायचे. एक दिवस त्यांनी लेबल नसलेली एक बाटली पुढे केली, हिरवंगार तेल होतं. मी वास घेतला आणि लगेच सांगितलं, खस. ते म्हणाले, परत घे. मी परत घेतला आणि परत खसच म्हणालो, मला त्यात वाळ्याचा गारवासुद्धा जाणवला, अगदी खरं सांगतो. ते होतं जन्नतुल फिरदौस. तेही हिरवंच असतं. खस तांब्याच्या भांड्यात काढतात म्हणून त्याला हिरवट रंग येतो आणि माझ्या डोक्यात हिरवं म्हणजे खस असं पक्कं बसलं होतं, नाकाला विचारायच्या आधीच डोळ्यांनी उत्तर देऊन टाकलं होतं.

चाचा म्हणाले, “तू वास नाय घेत, तू बाटली वाचतोस. उद्यापासून डोळे बांधायचे.”

पद्धत त्यांची ठरलेली होती आणि प्रत्येक गोष्टीला कारण होतं. सकाळी दुकान उघडल्यावर, झाडू आणि धूप व्हायच्या आधी बसायचं. त्या दिवशी अंगाला वासाचा साबण नाही, डोक्याला तेल नाही, तंबाखू-मसाला तर नाहीच. जेवणाआधीच बसायचं, पोट भरल्यावर नाक सुस्त होतं असं त्यांचं म्हणणं आणि मला तरी तसंच जाणवलं. चाचा जाड कोऱ्या ड्रॉइंग पेपरच्या बोटभर रुंदीच्या पट्ट्या कापून ठेवायचे, काचेच्या काडीने टोकाला एक थेंब लावायचे आणि पट्टी स्वतःच्या हातात धरायचे. माझ्या हातात देत नव्हते, कारण तेल दाट आहे की पातळ हे बोटाला कळतं आणि मग माणूस त्यावरून अंदाज बांधतो. पट्टी नाकापासून दोन बोटं लांब. नाकाला टेकली की संपलं, तेल नाकाला लागलं की पुढचा तासभर सगळ्यालाच तोच वास येतो.

आणि वास ओढायचा नाही. मी पहिल्यांदा छातीभर श्वास घेऊन ओढत होतो, जितका जास्त तितकं जास्त कळेल म्हणून. चाचांनी थांबवलं. दोन-तीन छोटे छोटे श्वास, कुत्रा हुंगतो तसे, आणि पट्टी दूर. जास्त वेळ धरली की तोच वास कमी कमी होत जातो आणि थोड्या वेळाने जवळपास येईनासा होतो. अत्तर तेवढंच असतं, नाक त्याला सरावतं. आईला मासळीचा वास येत नाही तो याचमुळे, आणि मला दुकानातून घरी गेल्यावर पहिली पाच मिनिटं तो येतो आणि नंतर येत नाही तेही याचमुळे.

दोन वासांच्या मध्ये काय करायचं, तर शर्टाची बाही वर करून कोपराच्या आतल्या बाजूला स्वतःच्या कातडीचा वास घ्यायचा, नाहीतर दारात जाऊन दोन मिनिटं उभं राहायचं. मोठ्या शहरातल्या परफ्यूमच्या दुकानात कॉफीच्या बियांची वाटी ठेवतात ते मी बघितलं होतं, म्हणून मी चाचांना विचारलं की आपण का नाही ठेवत. ते म्हणाले, एक वास घालवायला दुसरा वास कशाला. नंतर मी वाचलं की हे कोणीतरी प्रयोग करून तपासलंय आणि कॉफीच्या बियांचा साध्या हवेपेक्षा जास्त फायदा दिसला नव्हता.

एका बैठकीत सहा पट्ट्या, त्याच्या वर नाही. हा नियम मी पुढे एकदा मोडला त्याबद्दल सांगेनच.

नावं न आठवण्यावर चाचांचा उपाय असा होता की नाव सांगायचंच नाही. मला एक वही दिली आणि सांगितलं, रुमाल सोडल्यावर लगेच लिही की हा वास तुला कुठे घेऊन गेला. गोड, उग्र, छान असले शब्द चालणार नाहीत कारण ते कशालाही लागतात, जागा लिही नाहीतर वस्तू लिही. मी खससाठी लिहिलं, “आजीचा माठ, तळाशी वाळ्याची जुडी, पहिला पेला.” तेव्हाच मला उमगलं की माझ्या नाकाला हा वास जन्मापासून ठाऊक होता पण त्याचं नाव वाळा होतं, दुकानात त्याला खस म्हणतात आणि ही दोन नावं माझ्या डोक्यात जोडलीच गेली नव्हती. वास माहीत होता, नावही माहीत होतं, मधला धागा तेवढा नव्हता. त्यानंतर खस माझा फारसा चुकला नाही. मोगऱ्याला लिहिलं, “चहाचं आधण, त्यात हिरवी पाती, लग्नातल्या बायका.” चमेलीला लिहिलं, “जास्त पिकलेलं केळं, बंद खोलीतला गजरा.” चाचांनी वाचलं आणि काही न बोलता वही परत दिली, म्हणजे बरोबर होतं.

पण खरी अडचण झाली ती खस, मिट्टी आणि नागरमोथा या तिघांची. तिन्ही मातीच्या घरातली. नवीन माणसाला विचाराल तर तिन्हींना तो “मातीचा वास” म्हणेल, मीही तेच म्हणत होतो. खस मुळांचं, नागरमोथा लव्हाळ्याच्या गाठींचा. तो लव्हाळा आमच्याकडे भाताच्या बांधावर उगवतो आणि शेतकरी त्याला वैतागलेला असतो. मिट्टी मात्र खरोखर मातीचं. कनौजला भाजलेल्या मातीचे तुकडे तांब्याच्या डेगेत पाण्यासोबत घालून खाली जाळ लावतात, वाफ बांबूच्या नळीतून बाजूच्या भपका नावाच्या भांड्यात जाते आणि भपक्यात आधीपासून चंदनाचं तेल असतं, त्या तेलात तो वास उतरतो. म्हणजे मिट्टीच्या अत्तरात खाली नेहमी चंदन असतं, निदान असायला पाहिजे.

माझी चूक अशी होती की मी मिट्टी ओळखायला मृगाचा पहिला पाऊस आठवायचो. आमच्या घरामागच्या जांभ्यावर पडलेला. आणि पट्टीवरचं अत्तर त्याच्याशी जुळायचं नाही म्हणून मी नागरमोथा म्हणून मोकळा व्हायचो. हे सात-आठ वेळा झालं. शेवटी मी म्हटलं, चाचा, हे मिट्टी नाहीये, पावसाचा वास असा नसतो. ते म्हणाले, “ही तिकडची माती हाय पोरा, तुझ्या भाट्याची नाय. तिला तिच्या गावची म्हणून ओळख.” हे ऐकून मी मृगाचा पाऊस सोडून दिला आणि नवीन जागा शोधली. नवा मडका, कोरा, पहिल्यांदा पाणी भरल्यावर जो भाजल्यासारखा वास येतो तो. तो तंतोतंत बसला.

दुसरी गोष्ट चाचांनी शिकवली ती म्हणजे वेळ. एक वास एकदाच घेऊन निकाल द्यायचा नाही. तीच पट्टी तीनदा घ्यायची, लावल्या लावल्या, मग दहा-पंधरा मिनिटांनी आणि मग तासाभराने. हे तिघं पहिल्या श्वासात भावंडं वाटतात पण वाटा वेगळ्या आहेत. खस जसा आला तसाच राहतो, तासाने घ्या, संध्याकाळी घ्या, गार आणि मुळासारखा, थोडा धुरकट. नागरमोथा सुकत जातो तसा जास्त लाकडासारखा होतो, मिरीच्या टोकाची झाक येते. आणि मिट्टीत भाजल्या मातीचा भाग हळूहळू मागे जातो आणि खालून चंदन वर येतं, मऊ, दुधासारखं. ते चंदन आलं की प्रश्नच मिटला.

यात एक मेख आहे. चंदनाचं तेल फार महाग झालंय त्यामुळे स्वस्त मिट्टी बऱ्याचदा लिक्विड पॅराफिनवर बनवलेली असते. तिच्यात तासाने चंदन येतच नाही, वास विरतो आणि पट्टीवर नुसता तेलकट डाग उरतो. म्हणजे चंदन नाही म्हणून मिट्टी नाही असं धरता येत नाही, मिट्टी हलकी आहे एवढंच म्हणता येतं. चाचा दोन्ही ठेवतात, किंमत वेगळी लावतात आणि गिऱ्हाइकाला सांगून देतात. मला त्यांनी दोन्ही रुमाल बांधून शिकवली.

दीडेक महिन्यात माझे सहापैकी पाच बरोबर यायला लागले आणि मी खूश होतो. मग चाचांनी एक दिवस सहांचा क्रम बदलला आणि माझे दोन आले. झालं काय होतं तर ते रोज कपाटाच्या डावीकडून सुरू करायचे, आधी फुलं, मग मुळं, मग उग्र. मी वासावरून सांगतोय असं मला अगदी मनापासून वाटत होतं पण अर्धं उत्तर त्या क्रमावरून येत होतं. शिवाय कपाटाचं वरचं दार कुरकुरतं आणि खालचं नाही, तेही कानाने टिपलं होतं. मी फसवत नव्हतो, पण डोळे बांधले तरी बाकीचं अंग उत्तर शोधतच असतं. तेव्हापासून चाचा सगळ्या कुप्या आधीच काउंटरवर काढून हाताने कालवून ठेवायचे. आणि सहात एक पट्टी कोरी ठेवायला लागले.

कोऱ्या पट्टीबद्दल मला आधी सांगितलं नव्हतं. तोवर जून लागला होता. पट्टी नाकासमोर आली, मी हुंगलो आणि म्हणालो, मिट्टी, हलकी आहे. चाचा म्हणाले, कागद आहे. मी रुमाल काढून बघितलं, खरंच नुसता कागद. आता कोणी म्हणेल मनाचे खेळ, थोडं होतंही तसं, कारण समोर काहीतरी आहे हे धरूनच मी वास घेत होतो. पण त्या कागदाला खरंच वास होता. पावसाळ्यात आमच्याकडे भिंतीसुद्धा घाम टाकतात, पट्ट्या उघड्या डब्यात होत्या, कागद दमट झाला होता आणि दमट कागदाला कुबट मातकट वास येतोच. म्हणजे पाऊस लागल्यापासूनच्या माझ्या काही मिट्ट्या आणि नागरमोथे कदाचित कागदाचेच होते. मग आम्ही पट्ट्या घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात ठेवायला लागलो आणि रोज पहिली पट्टी कोरी घ्यायची, आज कागद कसा वास मारतोय ते नाकाला दाखवायचं आणि मग सुरू करायचं. हे ज्याला कोणाला घरी करून बघायचंय त्याने कोऱ्या पट्टीशिवाय करू नये असं माझं स्पष्ट मत आहे.

आता जे मला सगळ्यात जास्त सांगायचं होतं ते.

जूनच्या शेवटी एका सकाळी मी चौथ्या पट्टीला म्हणालो, कोरी. चाचा काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी परत एक पट्टी, मी परत म्हणालो, कोरी. तिसऱ्या दिवशीही तेच झाल्यावर त्यांनी रुमाल स्वतः सोडला आणि पट्टी दाखवली. टोकाला तेल चमकत होतं. सफेद मस्क होता. दुकानात जुम्याच्या दिवशी सगळ्यात जास्त जाणारा माल. मी उघड्या डोळ्यांनी, बाटली समोर धरून वास घेतला. काही नाही. हातावर लावला, घासला, काही नाही, साध्या खोबरेल तेलाइतकासुद्धा नाही. आणि मी दोन-तीन महिने गिऱ्हाइकांना तो विकत होतो, “साफ वास आहे, धुतल्या कपड्यासारखा” असं सांगत होतो, कारण चाचांना तसं म्हणताना ऐकलं होतं.

माझ्या पोटात गोळा आला. मला वाटलं हे काम आता संपलं. चाचांना मात्र नवल वाटलं नाही. ते म्हणाले की काही माणसांचं नाक काही मस्कला बंद असतं, त्यांच्या एका जुन्या गिऱ्हाइकाचं तसंच आहे, बाकी सगळं त्याला येतं. मी नंतर शोधून वाचलं, ही गोष्ट माहितीतली आहे. खरा मस्क म्हणजे कस्तुरी, ती हरणाच्या नाभीजवळच्या पिशवीतली, आपल्याकडे ते हरण 1972 च्या वन्यजीव कायद्यात संरक्षित आहे, त्यामुळे दुकानात मस्क म्हणून मिळतं ते प्रयोगशाळेत बनवलेलं असतं. ते एकच नाही, वेगवेगळी द्रव्यं आहेत आणि त्यांचे कण वासाच्या मानाने बरेच मोठे असतात. एखाद्या माणसाला त्यातलं एक येत नाही आणि दुसरं येतं असं होतं. सर्दी नाही, आजार नाही, जन्मापासूनच ती एक खिडकी लागलेली.

पण खरंच बंद आहे का मन खचल्यामुळे वाटतंय हे बघायला आम्ही एक टेस्ट केली. तीन पट्ट्या, दोन कोऱ्या आणि एकीवर सफेद मस्क, चाचांनी कालवून एकामागून एक धरायच्या आणि मी फक्त सांगायचं की वेगळी कुठली, पहिली, दुसरी की तिसरी. नाव सांगायचं नाही. नुसत्या अंदाजाने ठोकलं तरी तीनात एकदा बरोबर येणारच, म्हणजे दहा वेळा केलं तर तीन-चार बरोबर आले म्हणजे काहीच कळत नाही असं समजायचं. रोज दोन वेळा असं पाच दिवस केलं. माझे चार आले. मग तसंच खस घेऊन केलं, दहाच्या दहा. काळा मस्क घेऊन केलं, त्यात मसाले आणि बाकी उग्र गोष्टी मिसळलेल्या असतात, तेही दहाच्या दहा. म्हणजे नाक धड आहे, सफेद मस्क तेवढा येत नाही.

त्या दिवसापासून सफेद मस्क विकताना मी गिऱ्हाइकाला सरळ सांगतो की मला हा येत नाही, तुम्हीच बघा. आत्तापर्यंत कोणी वाईट मानलं नाही. उलट दोघांनी सांगितलं की त्यांनाही तो फार पुसट येतो आणि त्यांना वाटायचं की माल हलका आहे. माल हलका नव्हता.

जुलैत तीन दिवस थांबून थांबून जो पाऊस झाला त्यात दुकानाच्या मागच्या भिंतीतून पाणी झिरपलं आणि कपाटाच्या खालच्या खणात शिरलं. बाटल्यांना काही झालं नाही पण लेबलं शाईच्या पेनने लिहिलेली, सगळी निळी होऊन वाहून गेली. अकरा बाटल्या. रंगावरून दोन-तीन कळत होत्या पण बाकी पिवळ्या आणि फिकट, एकीसारखी दुसरी. चाचा म्हणाले, रुमाल आण.

त्यांनी एकेक पट्टी धरली. सहा झाल्या, सहाही बरोबर, म्हणजे चाचांचं आणि माझं नाव जुळलं. गुलाब, खस, हिना, नागरमोथा, केवडा आणि मिट्टी. मिट्टीला मी घाई केली नाही, पट्टी बाजूला ठेवायला सांगितली आणि तासाने परत घेतली, चंदन आलं, म्हणून सांगितलं की ही चांगलीवाली आहे. इथे थांबायला हवं होतं. पण मला जोर आला होता, मी म्हटलं उरलेल्या पण घेऊ. सातव्या पट्टीला मी मोगरा म्हणालो. चाचा म्हणाले, नाय. आठव्या पट्टीलाही मोगरा म्हणालो आणि ती मोगराच होती, म्हणजे सातवी चमेली होती आणि थकलेल्या नाकाने दोन्हींना एकाच दावणीला बांधलं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी पहिलीच पट्टी चमेलीची घेतली तर केळं इतकं स्पष्ट होतं की काल ते कसं सुटलं हे मला कळेना.

उरल्या तीन. एक शमामा, तो तर बाटली उघडल्या उघडल्या दारापर्यंत जातो. एक सोनचाफा. आणि शेवटच्या पट्टीला मी तीनदा हुंगलो आणि काहीच आलं नाही.

मी म्हटलं, चाचा, ही पट्टी माझ्या हातात द्या. त्यांनी दिली. मी अंगठा लावून बघितला, ओली, तेलकट. कोरी नव्हती. मग मी म्हणालो की हा एकतर सफेद मस्क आहे, नाहीतर आपण मिसळायला ठेवतो ते बिनवासाचं तेल, या दोघांतलं कुठलं ते मला कधीच सांगता येणार नाही.

चाचांनी पट्टी घेतली, हुंगले आणि म्हणाले, “मस्क.” मग काउंटरखालून कोरी लेबलं काढून माझ्यापुढे ठेवली आणि पेनाऐवजी कानामागची पेन्सिल दिली, पेन्सिलचं पाण्याने जात नाही म्हणून. मी दहा नावं माझ्या अक्षरात लिहिली. अकरावं लिहिताना मी थांबलो तर ते म्हणाले, लिही, तूच लिही, आणि सफेद मस्कसुद्धा मीच लिहिलं.